छायाचित्राचे कर्तन: तृतीयांश नियम आणि दिशादर्शक रेषा

छायाचित्राचे कर्तन म्हणजे टिपलेल्या छायाचित्राच्या कडेचा नको असलेला भाग वगळून उरलेल्या भागाला नवी चौकट देणे. बोलीत यालाच 'क्रॉप करणे' असे म्हणतात. कर्तनाने छायाचित्राची रचना सुधारायची असेल, तर मुख्यतः दोन आधार घेतले जातात. पहिला आधार तृतीयांश नियमाचा. चौकटीचे उभे आणि आडवे प्रत्येकी तीन समान भाग करून मुख्य विषय त्या विभाजक रेषांवर किंवा त्यांच्या छेदनबिंदूंवर ठेवावा, असे हा नियम सांगतो. दुसरा आधार दिशादर्शक रेषांचा. रस्त्याची कड, भिंत, कठडा, विजेच्या तारा यांसारख्या ज्या रेषा पाहणाऱ्याची नजर विषयाकडे नेतात, त्यांना दिशादर्शक रेषा म्हणतात.

हे दोन आधार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. विषय चौकटीत कोठे असावा, हे तृतीयांश नियम सुचवतो. नजर त्या जागी कोणत्या वाटेने पोहोचेल, हे दिशादर्शक रेषा ठरवतात. पुढील विवेचनात कोल्हापूरच्या राजारामपुरीतील गल्लीचे उदाहरण घेतले आहे. राजारामपुरीतील गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. तेथील सरळ गल्लीत उभे राहून समोर पाहिले असता रस्त्याच्या दोन्ही कडा, कुंपणाच्या भिंती आणि वरच्या तारा दूरवर एकमेकींकडे झुकत जाताना दिसतात, त्यामुळे रेषांचे कार्य समजून घेण्यास अशी गल्ली सोयीची आहे.

तृतीयांश नियमाचा उगम

या नियमाला नाव मिळाले ते छायाचित्रणाच्या शोधापूर्वी. लंडनमधील उत्कीर्णक जॉन थॉमस स्मिथ याने १७९७ साली ग्रामीण दृश्यांविषयीच्या आपल्या पुस्तकात 'तृतीयांशाचा नियम' असा शब्दप्रयोग केला. चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स याने चित्रातील उजेड आणि अंधार यांच्या प्रमाणाविषयी मांडलेले विचार त्याच्यापुढे होते. चित्रातील दोन घटकांनी जागा निम्मी निम्मी वाटून घेऊ नये, एकाला दोन तृतीयांश आणि दुसऱ्याला एक तृतीयांश जागा द्यावी, हे स्मिथच्या म्हणण्याचे सार होय. जमीन आणि आकाश यांच्या वाटणीलाही त्याने हेच प्रमाण लावले.

या मूळ अर्थाकडे लक्ष दिले तर नियमाचा हेतू स्पष्ट होतो. त्याचा रोख कोणत्याही गूढ बिंदूवर नसून असमान वाटणीवर आहे. चौकटीचे दोन समान भाग पडले की नजर दोहोंच्या मध्ये अडकते. एक भाग मोठा आणि एक लहान असला की त्यांपैकी कोण प्रमुख, हे लगेच कळते. म्हणून विषय तृतीयांश रेषेपासून थोडा इकडेतिकडे असला तरी बिघडत नाही. सुवर्णप्रमाणाची विभाजक रेषा कडेपासून सुमारे ३८ टक्क्यांवर येते, तर तृतीयांशाची ३३ टक्क्यांवर. हा फरक पाहणाऱ्याला सहसा जाणवत नाही.

कर्तनाने काय बदलते आणि काय बदलत नाही

कॅमेरा जेथे उभा होता, तेथून दृश्यातील वस्तूंचे परस्परसंबंध ठरलेले असतात. जवळचा खांब दूरच्या माणसाला झाकतो की नाही, रस्त्याच्या कडा किती तिरप्या दिसतात, त्या कोठे एकत्र येतात, या गोष्टी नंतर कितीही कापाकापी केली तरी बदलत नाहीत. समांतर रेषा दूरवर जेथे एकत्र आल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूला लोपबिंदू म्हणतात. कर्तनामुळे लोपबिंदू दृश्यातील आपली जागा सोडत नाही. बदलते ते त्याचे चौकटीच्या कडांपासूनचे अंतर.

तरीही कर्तन रेषांवर मोठा परिणाम घडवते, कारण त्यामुळे रेषांची दृश्य लांबी बदलते. गल्लीच्या मधोमध टिपलेल्या छायाचित्रात डावी आणि उजवी कड जवळजवळ सारख्याच लांबीच्या असतात. दोघीही तितक्याच जोराने नजर खेचतात आणि त्यामुळे कोणतीच प्रमुख ठरत नाही. उजवीकडचा भाग अधिक कापला की उजवी कड आखूड होते आणि डावी कड वरचढ ठरते. मग नजर डावीकडून आत येऊन त्या कडेच्या आधाराने पुढे जाते. याचा अर्थ असा की, कर्तन नवी रेषा निर्माण करू शकत नाही. उपलब्ध रेषांपैकी कोणी पुढारपण करावे, हे मात्र ते ठरवू शकते.

कर्तनाचा क्रम

पहिली पायरी विषय ठरवण्याची. छायाचित्र कशाचे आहे, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. 'गल्लीचे छायाचित्र' आणि 'गल्लीतून येणाऱ्या गवळ्याचे छायाचित्र' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे कर्तनही वेगळे होईल.

दुसरी पायरी छायाचित्र सरळ करण्याची. क्षितिज किंवा इमारतींच्या उभ्या कडा कललेल्या असतील तर प्रथम चित्र फिरवून घ्यावे. हे आधी करण्याचे कारण असे की, फिरवल्यावर चारही कोपऱ्यांत रिकाम्या त्रिकोणी जागा उरतात आणि त्या वगळण्यासाठी चौकट लहान करावी लागते. ३:२ प्रमाणाचे ६००० × ४००० पिक्सेलचे छायाचित्र केवळ २ अंशांनी फिरवले, तरी त्याच प्रमाणात उरणारी मोठ्यात मोठी चौकट सुमारे ५७०० × ३८०० पिक्सेलची असते. म्हणजे जवळजवळ एक दशांश चित्र येथेच खर्ची पडते. तृतीयांशांची मांडणी आधी केली आणि फिरवणे नंतर केले, तर केलेली मांडणी विसकटते.

तिसरी पायरी रेषांचा शोध घेण्याची. चित्रातील ठळक रेषा कोठून आत येतात आणि कोठे संपतात, ते बोटाने गिरवून पाहावे. जी रेषा विषयापर्यंत किंवा त्याच्या अगदी जवळ पोहोचते, ती राखावी. जी विषयाच्या बाजूने निघून चौकटीबाहेर जाते, ती शक्य तितकी आखूड करावी.

यानंतरच तृतीयांश रेषा मांडाव्यात. बहुतेक संपादन प्रणालींमध्ये कर्तनाच्या वेळी या रेषा पडद्यावर दिसतात. उदाहरणार्थ, GIMP या मुक्त प्रणालीत कर्तनाचे साधन निवडल्यावर त्याच्या पर्यायांत `Rule of thirds` ही मार्गदर्शक जाळी मिळते आणि चौकटीची जागा व आकार आकड्यांनीही भरता येतो. मूळ छायाचित्राची प्रत नेहमी वेगळी जपून ठेवावी, कारण कापलेली प्रत मूळ नावानेच साठवली तर वगळलेला भाग परत मिळत नाही.

एक सोडवलेले उदाहरण

सकाळच्या वेळी राजारामपुरीच्या एका गल्लीत, रस्त्याच्या मध्याजवळ उभे राहून छायाचित्र टिपले आहे, असे समजू. दुधाच्या किटल्या अडकवलेल्या सायकलवरून एक गवळी कॅमेऱ्याच्या दिशेने, किंचित डावीकडे वळत येत आहे. उजव्या कडेला उभ्या केलेल्या मोटारीचा अर्धाच भाग चौकटीत आला आहे, वरच्या भागात तारा आणि फिकट आकाश आहे. छायाचित्र सरळ केल्यानंतर त्याचा आकार ५७०० × ३८०० पिक्सेल उरला आहे. पुढील सर्व अंतरे डाव्या कडेपासून उजवीकडे आणि वरच्या कडेपासून खाली मोजली आहेत.

गवळी आडव्या दिशेने ३०५० वर आहे आणि त्याचा चेहरा वरून १५०० वर आहे. लोपबिंदू आडवा ३००० आणि उभा १५०० वर, म्हणजे गवळ्याच्या चेहऱ्याला जवळजवळ लागूनच आहे. हा निव्वळ योगायोग नव्हे. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरला आणि रस्ता सपाट असला, तर तेवढ्याच उंचीवरचे चेहरे जवळचे असोत वा दूरचे, क्षितिजरेषेच्या आसपासच दिसतात. रस्त्याची डावी कड खालच्या डाव्या कोपऱ्यातून आणि उजवी कड खालच्या उजव्या कोपऱ्यातून निघून लोपबिंदूकडे जाते. मोटारीचा भाग आडव्या दिशेने ४६०० च्या पुढे सुरू होतो.

या स्थितीत डाव्या कडेची लांबी सुमारे ३७८० पिक्सेल आणि उजव्या कडेची सुमारे ३५५० पिक्सेल आहे. दोन्ही रेषा जवळजवळ तुल्यबळ आहेत. गवळीही मध्याजवळच आहे. त्यामुळे चित्र स्थिर, पण सपाट वाटते; शिवाय अर्धी मोटार लक्ष वेधून घेते.

गवळी डावीकडे झुकत पुढे येत असल्याने त्याच्यासमोर, म्हणजे डावीकडे, मोकळी जागा हवी. म्हणून त्याला उजव्या तृतीयांश रेषेवर ठेवायचे ठरवू. नव्या चौकटीची रुंदी ४२०० घेतली तर ३:२ प्रमाणात उंची २८०० येते. उजवी तृतीयांश रेषा चौकटीच्या डाव्या कडेपासून २८०० वर असेल. गवळी ३०५० वर असल्यामुळे चौकटीची डावी कड ३०५० − २८०० = २५० वर आणि उजवी कड ४४५० वर येते. मोटार ४६०० च्या पुढे असल्याने ती पूर्णपणे बाहेर जाते.

आता उभी दिशा पाहू. वरची तृतीयांश रेषा नव्या चौकटीत वरून ९३३ वर पडते. गवळ्याचा चेहरा या रेषेवर आणायचा तर चौकटीची वरची कड १५०० − ९३३ = ५६७ वर ठेवावी लागेल. खालची कड मग ३३६७ वर येते. अशा रीतीने वरून ५६७, खालून ४३३, डावीकडून २५० आणि उजवीकडून १२५० पिक्सेल कापले जातात.

रेषांचे काय झाले, हे पाहणे महत्त्वाचे. डावी कड आता चौकटीच्या खालच्या बाजूने, डाव्या कोपऱ्यापासून सुमारे ३१५ पिक्सेल उजवीकडे आत येते आणि लोपबिंदूपर्यंत तिची लांबी सुमारे ३०७० पिक्सेल उरते. उजवी कड चौकटीच्या उजव्या बाजूलाच तुटते आणि तिची लांबी केवळ सुमारे १९०० पिक्सेल उरते. मूळ चित्रात सारख्या असलेल्या दोन रेषांपैकी एक आता दुसरीच्या दीडपटीहून अधिक लांब झाली आहे. नजर खालच्या डाव्या बाजूने आत शिरते, रस्त्याच्या कडेने वर चढते आणि गवळ्याच्या चेहऱ्यापाशी थांबते. रेषांची दिशा तसूभरही बदललेली नाही. बदलले ते त्यांचे परस्पर वजन.

याच चित्रात गवळ्याला डाव्या तृतीयांश रेषेवर ठेवून पाहिले असते तर? तेवढ्याच रुंदीच्या चौकटीची डावी कड १६५० वर आणि उजवी कड ५८५० वर आली असती. छायाचित्र ५७०० वरच संपत असल्याने ही चौकट बसतच नाही. चौकट लहान करून ती बसवली, तरी अर्धी मोटार आत राहते, डावी कड आखूड होते आणि गवळी चौकटीबाहेर निघून चालल्यासारखा दिसतो. नियमाच्या दृष्टीने दोन्ही जागा सारख्याच असल्या, तरी रेषा, हालचालीची दिशा आणि उपलब्ध जागा या गोष्टी त्यांपैकी एकीचीच निवड करतात.

दोन आधारांत विरोध आल्यास

काही छायाचित्रांत विषय तृतीयांश रेषेवर आणला की उपयोगी रेषा कापली जाते, आणि रेषा राखली की विषय मध्याकडे सरकतो. अशा वेळी रेषेला प्राधान्य देणे बहुधा योग्य ठरते. विषय तृतीयांश रेषेपासून थोडा दूर राहिला तरी तो ओळखता येतो; परंतु विषयाकडे नेणारी रेषा मध्येच तुटली किंवा विषयाला टाळून बाहेर पडली, तर पाहणाऱ्याची नजरही तिच्यामागे बाहेर जाते.

दृश्याचा अर्थच समतोलात असेल तेथे तृतीयांश नियम बाजूला ठेवावा. छत्रपती संभाजीनगर येथील बीबी का मकबरा समोरून, मधल्या अक्षावर उभे राहून टिपला, तर बागेतील मधल्या जलाशयाच्या दोन्ही कडा दिशादर्शक रेषांचे काम करतात आणि त्या थेट मध्यावरील वास्तूकडे जातात. दोन्ही बाजूंचे मिनार समान अंतरावर असतात. हे चित्र एका बाजूने कापून मकबरा तृतीयांशावर आणला, तर दोन्ही रेषांमधील समता मोडते आणि एका मिनाराला आकाश कमी पडते. तेथे रेषा तुल्यबळ असणे हाच चित्राचा विषय आहे.

कोल्हापूरच्या रंकाळ्यात संथ पाण्यावर पडलेले संध्यामठाचे प्रतिबिंबही असेच. मठ आणि त्याचे प्रतिबिंब यांना सारखे महत्त्व द्यायचे असेल तर पाण्याची रेषा मध्यावर ठेवणेच योग्य. मात्र वाऱ्याने प्रतिबिंब विस्कटले असेल आणि वर ढगांचे आकाश असेल, तर पाण्याची रेषा खालच्या तृतीयांशावर आणून आकाशाला दोन तृतीयांश जागा द्यावी. एकाच जागेच्या दोन छायाचित्रांना अशा प्रकारे दोन वेगळी उत्तरे मिळू शकतात.

नेहमीचे दोष आणि ते ओळखण्याच्या खुणा

सर्वांत अधिक आढळणारा दोष म्हणजे रेषा विषयाऐवजी चौकटीबाहेर नेणारी असणे. तो ओळखण्यासाठी छायाचित्र उलटे करून पाहावे. चित्र उलटे झाले की माणूस, घर, झाड यांची ओळख मागे पडते आणि रेषा व गडद-फिकट भाग यांचेच अस्तित्व जाणवते. अशा वेळी नजर प्रथम कोठे जाते आणि कोठून बाहेर पडते, हे सहज लक्षात येते. छायाचित्र टपाल तिकिटाएवढे लहान करून पाहिल्यासही हेच साधते. त्या आकारात विषय सापडत नसेल, तर रचना अजून सुटलेली नाही.

दुसरा दोष काठावरच्या अर्धवट गोष्टींचा. चौकटीची कड माणसाच्या गुडघ्यावर, घोट्यावर किंवा मनगटावर आली की अवयव तुटल्यासारखा वाटतो. सायकलचे चाक कडेला नुसते टेकले असेल, तरी तेथे विनाकारण ताण निर्माण होतो. अशा ठिकाणी वस्तू एकतर पूर्ण आत घ्यावी, नाहीतर स्पष्टपणे आणि बरीचशी कापावी. कर्तन झाल्यावर चारही कडांवरून एकदा नजर फिरवणे एवढाच यावरचा उपाय आहे.

तिसरा दोष कर्तनाच्या आवाक्याबाहेरचा आहे. गवळ्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवल्यासारखा दिसत असेल, तर चौकट कितीही हलवली तरी खांब डोक्यामागेच राहतो. तो टाळण्याचा उपाय छायाचित्र टिपताना एक-दोन पावले बाजूला सरकण्याचा होता. त्याचप्रमाणे मुळातच चौकटीला चिकटून टिपलेल्या विषयाभोवती कर्तनासाठी जागाच उरत नाही. म्हणून नंतर कर्तन करण्याचा विचार असेल, तर टिपतानाच चहूबाजूंना थोडी मोकळी जागा सोडावी.

आकाराची मर्यादा

प्रत्येक कर्तनात पिक्सेल कमी होतात. वरील उदाहरणात ६००० × ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेलपैकी ४२०० × २८०० म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख उरले. निम्म्याहूनही थोडे कमी. उत्तम छपाईसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल हे प्रमाण धरले जाते. त्यानुसार हे चित्र १४ × ९.३ इंच आकारात छापता येईल, आणि तेवढे बहुतेक कामांना पुरते. पण याच चित्रातून केवळ गवळ्याचा १५०० × १००० पिक्सेलचा तुकडा काढला, तर तो त्याच प्रमाणाने ५ × ३.३ इंचच छापता येतो. त्याहून मोठा केला की कमी प्रकाशातील कण आणि हललेल्या कॅमेऱ्याची अस्पष्टताही त्याच पटीत मोठी होते.

आशयाची मर्यादा

कर्तन रचना बदलते तसा आशयही बदलू शकते. उदाहरणातील मोटार वगळल्याने गल्ली आहे त्याहून मोकळी दिसते. कलात्मक छायाचित्रात हे चालून जाते. परंतु तेच छायाचित्र गल्लीतील वाहनतळाच्या अडचणीविषयीच्या मजकुरासोबत वापरायचे असेल, तर मोटार हाच पुरावा आहे आणि तो वगळणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे होय. वृत्तछायाचित्रात किंवा माहितीपर छायाचित्रात कर्तन करण्यापूर्वी वगळल्या जाणाऱ्या भागाकडे वेगळे पाहावे आणि तो नसताना पाहणाऱ्याचा निष्कर्ष बदलेल का, हे तपासावे. तो बदलत असेल तर रचना कितीही सुबक होत असली तरी तो भाग राखावा आणि तृतीयांश रेषा त्याला धरूनच नव्याने मांडाव्यात.